ढोलताशाच्या गजरात वायरलेसवरचा निरोप नीट कसा पोचवायचा?

प्रश्न: आम्ही विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर स्वयंसेवक असतो. मदतकेंद्रांना ए-१, बी-८, डी-७ असे क्रमांक दिलेत आणि सगळ्यांकडे वॉकीटॉकी आहेत. गेल्या वर्षी डी-७ वर स्ट्रेचर हवं होतं, ते बी-८ ला गेलं. ढोलताशात काही कळतच नाही. सैन्यात इतक्या आवाजात निरोप नीट कसे जातात? ते अल्फा-ब्राव्हो म्हटल्यानं खरंच फरक पडतो का? आम्ही त्यातलं काय घ्यावं?

उत्तर:

फरक पडतो, आणि बराच पडतो. पण अल्फा-ब्राव्हो, म्हणजे ए साठी अल्फा, बी साठी ब्राव्हो असे ठरलेले शब्द, हा त्या पद्धतीचा एक तुकडा आहे. तेवढाच उचललात तर यंदा स्ट्रेचर बी-८ ऐवजी आणखी कुठेतरी जाईल. मी सेनेच्या सिग्नल्समध्ये ऑपरेटर होतो, नंतर नव्या मुलांना सेटवर बोलायला शिकवायचो. निवृत्तीनंतर इथे पुण्यात पालखी आणि गणपतीच्या बंदोबस्तात मदत करणाऱ्या गटांनाही शिकवतो. त्यामुळे तुमची डी-७ आणि बी-८ ची गोष्ट वाचल्यावर ती कुठे फसली हे मला लगेच दिसलं. तेच उदाहरण घेऊन सांगतो.

आधी तुमच्या हातातला सेट आवाजाचं काय करतो ते पाहू. माणसाच्या बोलण्यात फार खालपासून फार वरपर्यंतच्या लहरी असतात. वॉकीटॉकी त्यातला साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झचा पट्टा पुढे पाठवतो आणि बाकीचं कापून टाकतो. स्वर या पट्ट्यात छान बसतात. व्यंजनांचं तसं नाही. 'स'चा जो सूं असा आवाज आहे, त्याचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे तो सेटमधून जवळजवळ जातच नाही. शांत खोलीत हे जाणवत नाही, कारण आपलं डोकं संदर्भावरून गाळलेलं भरून काढतं. आवाजात मात्र भरून काढायला काही शिल्लक राहत नाही.

आता 'डी-सात' म्हणा. 'डी' आणि 'बी' यांच्यात दोघांचा 'ई' सारखाच. फरक आहे तो सुरुवातीच्या स्फोटात, आणि तो सेकंदाच्या काही शतांश भागात संपतो. नेमक्या त्या क्षणी ताशाची एक काडी पडली की पलीकडे फक्त 'ई' पोचतो. मग बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही यातलं काहीही असू शकतं. पुढे 'सात'. त्यातला 'स' सेटनं आधीच खाल्ला, उरलं 'आत'. शेवटचा 'त' आपण भरभर बोलताना बहुतेकदा सोडत नाही, जीभ दातांना टेकवून तिथेच थांबतो. म्हणून 'आत' आणि 'आठ' यांत ऐकणाऱ्याला काही फरक उरत नाही. डी-सातचं बी-आठ झालं ते असं. तुमच्या कंट्रोलवरच्या मुलाचं लक्ष नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या कानापर्यंत जे आलं, त्यातून त्यानं प्रामाणिकपणे निवड केली.

अशा वेळी माणूस साहजिकच ओरडतो, आणि ओरडल्यानं गोष्ट बिघडते. ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या प्रमाणात मोठी होत नाहीत, म्हणजे जे आधीच कमी होतं ते आणखी मागे पडतं. शिवाय सेटमध्ये आवाजाला मर्यादा घालणारं सर्किट असतं. तुम्ही मर्यादेबाहेर गेलात की ते आवाजाचे शेंडे छाटतं, आणि पलीकडे नुसतं फाटलेलं खरखरणं ऐकू येतं. उपाय अंतराचा आहे. माइक तोंडापासून जितका जवळ, तितका तुमचा आवाज ढोलाच्या तुलनेत मोठा. अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल मिळतात. दहा सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरवर आणलात तर १२ डेसिबल मिळाले, आणि आवाज न चढवता मिळाले. माइक ओठांच्या थेट समोर न धरता किंचित बाजूला, तिरका धरा, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा त्यावर आदळत नाही. पथकाकडे पाठ करा, मोकळ्या हाताचा तळवा माइकभोवती धरा, आणि रोजच्या आवाजात, थोडं सावकाश बोला. ऐकण्यासाठी सेटचा स्पीकर चढवण्यापेक्षा कानात बसणारा इअरफोन घ्या. ढोलापुढे स्पीकर कधीच जिंकत नाही.

इथवर झालं ते आवाज पोचवण्याचं. आता शब्दांकडे येतो, कारण खरी करामत तिथे आहे.

आवाजात शब्द ओळखू येतो की नाही, हे तो किती मोठ्यानं बोलला यावर जितकं अवलंबून आहे, तितकंच ऐकणाऱ्याला किती पर्यायांतून निवडायचं आहे यावरही आहे. अमेरिकेत जॉर्ज मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज तेवढाच, गोंगाट तेवढाच. पण 'या दोनच शब्दांपैकी एक येणार आहे' असं ऐकणाऱ्याला माहीत असलं की तो बहुतेक वेळा बरोबर ओळखायचा. तोच शब्द शेकडो शब्दांपैकी एक असू शकतो म्हटलं की चुकायचा. कानात पडलेलं तेच, पण यादी लहान झाली की थोडक्या खुणाही पुरतात. सैन्याची सगळी बोलण्याची पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. प्रत्येक क्षणी ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की आता काय येणार आहे: कोणाचं नाव, की आकडा, की अक्षर, की निरोपाचा शेवट. त्यामुळे त्याची यादी सतत लहान राहते.

अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही सव्वीस शब्दांची यादी याच विचारानं केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन आजच्यापेक्षा वेगळे शब्द वापरत, एबल, बेकर असे. ते इंग्रजी जिभेला सोपे होते, बाकीच्यांना नव्हते. युद्धानंतर विमानं सगळ्या देशांतून उडू लागली, तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं माँट्रियलच्या विद्यापीठातले भाषातज्ज्ञ जाँ-पॉल व्हिने यांच्याबरोबर नवी यादी करायला घेतली. १९५१ मध्ये ती वापरात आली, आणि वापरात आल्यावर तिच्यातले दोष कळले. सी साठी तेव्हा 'कोका' होतं, एम साठी 'मेट्रो', एन साठी 'नेक्टर', यू साठी 'युनियन' आणि एक्स साठी 'एक्स्ट्रा'. मग ३१ देशांतल्या लोकांना बोलायला आणि ऐकायला लावून पुन्हा तपासण्या झाल्या. हे पाच शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली. एखादा शब्द एकटा ऐकला तर कळतो का, एवढ्यावर निवड झाली नाही. बाकीच्या पंचवीस शब्दांच्या जोडीनं तो कशाशी गल्लत खातो, हेही पाहिलं गेलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की घरचे शब्द बनवू नका. 'डी फॉर दिल्ली, बी फॉर बॉम्बे, पी फॉर पुणे' असं आपण फोनवर बँकेशी बोलताना म्हणतो आणि तिथे ते चालतं. वायरलेसवर ऐकणाऱ्याला तुमची यादी माहीत नसते. डी साठी दिल्ली, दादर, दौंड, धुळे, काहीही येऊ शकतं, म्हणजे त्याची यादी पुन्हा हजार गावांची झाली. 'डेल्टा' मात्र सव्वीसांतला एक आहे. त्यातलं 'डे' ताशात बुडालं आणि 'ल्टा' एवढंच पोचलं, तरी सव्वीसांत 'ल्टा' असलेला दुसरा शब्द नाही. ऐकणारा निश्चिंतपणे डी लिहितो.

मराठी बोलणाऱ्यांसाठी यात एक खाच आहे, ती शिकवताना मला दरवेळी दिसते. 'व्हिक्टर' आणि 'व्हिस्की' हे आपल्या तोंडी सारखेच सुरू होतात, कारण इंग्रजीतले ते दोन वेगळे आवाज आपण एकाच 'व्ह'नं काढतो. त्यात व्हिस्कीतला 'स' सेटमधून जात नाही. तेव्हा या दोन शब्दांचा दुसरा अर्धा भाग जोर देऊन, पूर्ण बोला: 'व्हिक्-टर', 'व्हिस्-की'. तसंच 'पापा' आणि 'हॉटेल' हे शेवटच्या अक्षरावर जोर देऊन बोलायचे आहेत. 'क्यूबेक' असं लिहिलं असलं तरी उच्चार 'केबेक' असा शिकवतात. तुमच्याकडे केंद्रांची अक्षरं ए ते एफपर्यंतच असतील तर हे तुम्हाला लागणारही नाही. मग अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट एवढे सहा शब्द सगळ्यांना पाठ करून घ्या. सव्वीसच्या सव्वीस अर्धवट येण्यापेक्षा ते बरं.

आकड्यांचा मामला आणखी नाजूक. आकडा चुकला की पुढच्या शब्दावरून तो ओळखता येत नाही, आणि मराठी संख्यांनी हे फार अवघड केलंय. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची सुरुवात एकच. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यांचीही तशीच. शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला वेगळं नाव, म्हणजे ऐकणाऱ्याची यादी शंभराची. सैन्यात आकडे एकेक करून बोलतात: एकोणसाठ म्हणजे 'पाच, नऊ'. यादी एकदम दहावर येते. पण मराठीत एकेक बोललं तरी सात आणि आठची अडचण राहतेच, ती वर पाहिली. म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला इंग्रजी आकड्यांचा आहे. 'सेव्हन' बोलताना दोन तुकड्यांत येतो, 'एट' एकाच तुकड्यात, त्यामुळे गल्लत फार कमी होते. इंग्रजीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांचा स्वर एकच असल्यानं ते एकमेकांत मिसळतात. त्यासाठी सेटवर पाचला 'फाइफ' आणि नऊला 'नाइनर' म्हणतात. मुलं आधी हसतात, पण गोंगाटात एकदा ऐकलं की स्वतःहून म्हणू लागतात. आणि आकड्यापूर्वी 'फिगर्स' हा शब्द टाका. त्यानं ऐकणाऱ्याला कळतं की आता अंकच येणार, आणि त्याची पेन्सिल तयार होते.

आता बोलण्याचा क्रम. गेल्या वर्षी तुमच्या सेटवर बहुधा असं काही झालं असेल: 'अरे कंट्रोल, डी-सातला एक बाई चक्कर येऊन पडल्यात, स्ट्रेचर पाठवा लवकर, गर्दी फार आहे.' आणि पलीकडून 'ओके, ओके, पाठवतो.' या 'ओके'नं काय सिद्ध झालं? काहीच नाही. कंट्रोलनं काय ऐकलं, हे डी-७ ला शेवटपर्यंत कळलं नाही. हीच गोष्ट पद्धतीनं अशी होते:

'कंट्रोल, धिस इज डेल्टा सेव्हन. तातडीचा निरोप. ओव्हर.'

'डेल्टा सेव्हन, कंट्रोल. सेंड. ओव्हर.'

'डेल्टा सेव्हन. स्ट्रेचर पाठवा. आय से अगेन, स्ट्रेचर पाठवा. ठिकाण डेल्टा, फिगर्स सेव्हन. रुग्ण फिगर्स वन. बेशुद्ध, श्वास चालू. लक्ष्मी रस्ता बंद, मागच्या गल्लीनं या. रीड बॅक. ओव्हर.'

'कंट्रोल. आय रीड बॅक. स्ट्रेचर पाठवा. ठिकाण डेल्टा, फिगर्स एट. रुग्ण फिगर्स वन. बेशुद्ध, श्वास चालू. लक्ष्मी रस्ता बंद, मागच्या गल्लीनं या. ओव्हर.'

'डेल्टा सेव्हन. राँग. ठिकाण डेल्टा, फिगर्स सेव्हन. आय से अगेन, डेल्टा, फिगर्स सेव्हन. ओव्हर.'

'कंट्रोल. ठिकाण डेल्टा, फिगर्स सेव्हन. ओव्हर.'

'डेल्टा सेव्हन. करेक्ट. ओव्हर.'

'कंट्रोल. स्ट्रेचर निघालं. आउट.'

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते पाहा. पहिली हाक छोटी आहे आणि तिच्यात ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी, आपलं नंतर. सेटचं बटण, ज्याला आम्ही प्रेसल म्हणतो, दाबल्यावर समोरच्याचा सेट जागा व्हायला क्षणभर लागतो, आणि त्यात पहिला शब्द कापला जातो. म्हणून बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. त्यातूनही 'कंट्रोल'चा 'कं' गेलाच तर नुकसान नाही. पहिल्याच दमात 'डी-सात' म्हणालात तर तोच कापला जाणार. दुसरं म्हणजे ही हाक ऐकून कंट्रोलवरचा माणूस वही ओढतो, आणि बाकीची केंद्रं गप्प होतात. निरोप सुरू होण्याआधीच ऐकणारा तयार असतो.

मग निरोप. ठिकाण, संख्या, अवस्था, वाट हा क्रम दरवेळी तोच ठेवा. असा क्रम ठरलेला असला की आवाजात एक तुकडा हरवला तरी कोणता हरवला हे कळतं, आणि तेवढाच मागता येतो. त्यासाठी 'से अगेन' आहे, आणि ते नेमकं मागायचं: 'से अगेन ऑल आफ्टर ठिकाण' म्हणजे ठिकाणाच्या पुढचं सगळं, 'से अगेन वर्ड आफ्टर रुग्ण' म्हणजे तो एकच शब्द. नुसतं 'काय? पुन्हा बोल' म्हटलं की समोरचा सगळं पहिल्यापासून सांगतो, तेही वेगळ्या शब्दांत, आणि ऐकणाऱ्याला जुनं-नवं जुळवत बसावं लागतं. सैन्यात इथे 'रिपीट' म्हणत नाहीत. तोफखान्यात त्या शब्दाचा अर्थ 'तोच मारा पुन्हा करा' असा आहे, म्हणून तो बाकी कुठेही वापरायचा नाही असा दंडक आहे.

सगळ्यात मोलाची ओळ आहे 'आय रीड बॅक'. वरच्या उदाहरणात मी मुद्दाम चूक घातली, कारण अल्फा-ब्राव्हो आणि इंग्रजी आकडे वापरूनही चुका होतातच, कमी होतात इतकंच. ती चूक पकडली गेली ती ऐकणाऱ्यानं जे लिहिलं तेच परत म्हटल्यामुळे. आणि परत म्हणताना त्यानं स्मरणातून नाही, वहीवरून वाचायचं. 'समजलं', 'हो, बरोबर' यांत चूक लपते. 'डेल्टा, फिगर्स एट' यात ती उघडी पडते. ती दुरुस्त करायचा शब्दही ठरलेला आहे, 'राँग', आणि त्यापुढे फक्त चुकलेला तुकडा. राँगच्या आधी 'नाही नाही, अरे' असं काही लावू नका.

'रॉजर'बद्दल इथेच सांगतो, कारण लोक त्याचा अर्थ 'हो' असा घेतात. रॉजर म्हणजे 'तुझं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं', बास. पटलं की नाही, करणार की नाही, यातलं काही त्यात नाही. 'करतो' यासाठी 'विल्को' आहे. ऐकल्याशिवाय कोणी करू शकत नाही, म्हणून 'रॉजर विल्को' असं जोडून म्हणायची गरज नाही. तसंच 'ओव्हर' म्हणजे 'माझं झालं, आता तू बोल', आणि 'आउट' म्हणजे 'माझं झालं, उत्तर नको'. दोन्ही एकत्र म्हणणं निरर्थक आहे, पडद्यावर कितीही ऐकलं असलं तरी.

'ओव्हर' मराठीत बोलणाऱ्यांना विशेष लागतो. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. 'रस्ता मोकळा नाही' यातला 'नाही' संपता संपता अंगठा उचलला जातो, आणि पलीकडे पोचतं 'रस्ता मोकळा'. उलटा अर्थ, तोही खणखणीत आवाजात. हे मी बंदोबस्तात प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. शेवटी 'ओव्हर' म्हणायची सवय असेल तर कापला जाईल तो ओव्हरचा शेपटाकडचा भाग, निरोपाचा नाही. आणि ओव्हर ऐकू आलाच नाही तर ऐकणाऱ्यानं समजायचं की वाक्य अर्धं आहे, 'से अगेन' मागायचं. शिवाय नकार शक्यतो वापरूच नये. मोकळा नाही याऐवजी 'बंद', श्वास चालू नाही याऐवजी 'श्वास थांबला', पोचलो नाही याऐवजी 'वाटेत आहे'. वरच्या निरोपात 'लक्ष्मी रस्ता बंद' आहे ते यासाठी.

हे बारकावे वाटतील, पण विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत जीवघेणा अपघात अशाच बारकाव्यांवर झाला. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. एक जंबो जेट धावपट्टीच्या टोकाला उभं, दुसरं त्याच धावपट्टीवर समोरून येतंय. पहिल्या विमानाला उड्डाणानंतर कोणत्या वाटेनं जायचं एवढीच सूचना मिळाली होती, पण त्या सूचनेत उड्डाणाचा, म्हणजे 'टेकऑफ'चा शब्द होता. वैमानिकांनी सूचना परत म्हटली आणि पुढे जोडलं की आम्ही आता टेकऑफवर आहोत. कंट्रोल टॉवरनं आधी म्हटलं 'ओके', आणि मग म्हटलं की टेकऑफसाठी थांबा, मी सांगेन. त्याच सेकंदाला दुसऱ्या विमानानं सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोघे एकाच वेळी बोलल्यानं पहिल्या विमानात त्या दोन निरोपांच्या जागी मुख्यतः एक किंचाळल्यासारखी शिट्टी ऐकू आली. स्पष्ट ऐकू आलं ते फक्त 'ओके'. ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा नियम झाला, आणि सूचना परत म्हणून दाखवण्यावर भर वाढला.

तुमच्यासाठी त्यातली एक गोष्ट थेट लागू आहे. विमानांच्या सेटवर दोघे एकदम बोलले की निदान शिट्टी ऐकू येते आणि गडबड झाल्याचं कळतं. तुमचे वॉकीटॉकी एफएम आहेत. त्यांत दोघे एकदम बोलले की जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला पार दाबून टाकतो, आणि ऐकणाऱ्याला फक्त जवळचा माणूस स्वच्छ ऐकू येतो. दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताच लागत नाही. बोलणाऱ्यालाही कळत नाही, कारण बटण दाबलेलं असताना त्याचा सेट ऐकत नसतो. म्हणजे कुंटे चौकातल्या मुलानं कंट्रोलजवळच्या मुलाच्या गप्पांखाली हाक दिली, तर ती हरवली, आणि दोघांनाही माहीत नाही. यावर शिस्तीशिवाय उपाय नाही. बटण दाबण्याआधी दोन सेकंद ऐका. हाकेला उत्तर आलं नाही तर ती पोचली नाही असंच धरा आणि पुन्हा द्या. 'जेवण आलं का' हे त्या चॅनलवर बोलू नका. कंट्रोलवाला 'सायलेन्स' म्हणाला की बाकीच्यांनी बोलणं बंद, त्यानं उठवेपर्यंत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सिग्नलच पोचत नसेल, उंच इमारतींच्या मागे सेट मुका झाला असेल, तर कितीही डेल्टा म्हणा, उपयोग नाही. तिथे दहा पावलं सरकून मोकळ्या चौकाकडे यावं लागतं. अल्फा-ब्राव्हो ही गुप्त भाषा नाही, तेव्हा रुग्णाचं नाव-पत्ता चॅनलवर सांगू नका. आणि परत वाचून दाखवण्यात वेळ जवळजवळ दुप्पट जातो. म्हणून ते ठिकाण, संख्या, रुग्णाची अवस्था आणि वाट असलेल्या निरोपांसाठीच ठेवा. 'पथक पुढे सरकलं' यासाठी रॉजर पुरतो.

मिरवणुकीआधी एक चाचणी मात्र नक्की करा. गणपतीच्या आधी पथकांचे सराव संध्याकाळी नदीपात्रात चालतात, तिथे दोन सेट घेऊन जा. एकानं पथकाजवळ उभं राहून कागदावरची वीस केंद्रं वाचायची, दुसऱ्यानं लांब उभं राहून लिहायची. एकदा 'डी-सात' अशा साध्या पद्धतीनं, एकदा 'डेल्टा, फिगर्स सेव्हन' अशी. क्रम उलटसुलट असू द्या, नाहीतर लिहिणारा अंदाजानं लिहितो. त्याच कागदावर रस्ता मोकळा आहे की बंद आहे अशी काही वाक्यंही ठेवा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा, कारण चुका कुठे पडल्या यावरून दोष कुठे आहे ते कळतं. पहिले शब्दच गाळलेले असतील तर तो माणूस बटण दाबल्यावर थांबत नाहीये. शेवटचे गाळलेले असतील तर अंगठा लवकर उचलतोय. अक्षरं आणि आकडे सर्वत्र सारखेच चुकले असतील तर माइक लांब आहे किंवा तो ओरडतोय, त्याला अंतर दाखवून पुन्हा बोलायला लावा. आणि ठरावीक एकच जोडी पुन्हापुन्हा चुकत असेल, उदाहरणार्थ बी-८ आणि डी-८, तर आताच केंद्रांची नावं बदला. त्यातल्या एकाचं अक्षर काढून टाकून जे अजून कोणाला दिलेलं नाही असं अक्षर त्याला द्या, आणि नवी पाटी रंगवून घ्या.